आंशिक अपूर्णांकांआधी भागाकार: अंशाची कोटी छेदापेक्षा कमी नसेल तेव्हा

बारावीच्या इंटिग्रेशनच्या वह्यांमध्ये एक चूक सारखी दिसते. छेदाचे अवयव अचूक पाडलेले असतात, A आणि B च्या किमतीही बरोबर असतात, तरी उत्तर चुकलेले असते. अंशाची कोटी पाहिलेली नसते. कोटी छेदाइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी भागाकार करावा लागतो आणि उरलेल्या बाकीचेच आंशिक अपूर्णांक, म्हणजे वर्गात आपण ज्यांना पार्शल फ्रॅक्शन म्हणतो ते, पाडावे लागतात. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण गणित हातात आल्यावर तो निसटतो. ही चूक बहुतेक वेळा गणिताच्या मध्यावर कुठेही अडवत नाही, त्यामुळे ती शेवटपर्यंत लक्षातही येत नाही.

इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू आणि प्रत्येक पायरीवर कुठे पाय घसरतो ते पाहू:

(2x⁴ + 4x − 3x³ − 7) / ((x − 2)(x + 1))

## भागाकार कशासाठी

आंशिक अपूर्णांक मांडताना आपण असे गृहीत धरतो की दिलेली राशी A/(x − 2) + B/(x + 1) या रूपात लिहिता येते. ही बेरीज समान छेदावर आणली की अंशात A(x + 1) + B(x − 2) येते. A आणि B कितीही घ्या, या अंशाची कोटी 1 च्या वर जात नाही. आपल्या उदाहरणात अंशाची कोटी 4 आहे. तेव्हा डावी आणि उजवी बाजू समान होणे शक्यच नाही.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. x खूप मोठा केला की A/(x − 2) आणि B/(x + 1) दोन्ही शून्याच्या जवळ जातात. मूळ राशी मात्र वाढतच जाते. जो भाग वाढतो तो बहुपदी आहे आणि त्याला वेगळे काढण्याचे काम भागाकार करतो. सहावीत आपण 7/3 हा अंशाधिक अपूर्णांक 2 + 1/3 असा लिहितो. इथेही तेच करायचे आहे, फक्त लहानमोठेपणा संख्येऐवजी कोटीवरून ठरतो.

## पायरी १: राशी नीट मांडा

भागाकाराला हात लावण्याआधी तीन कामे करायची.

अंशातील पदे घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहा. प्रश्नात पदे मुद्दाम मागेपुढे दिलेली असतात. आपला अंश असा होतो: 2x⁴ − 3x³ + 4x − 7.

मग जे पद नाही त्याच्या जागी शून्य सहगुणक लिहा. इथे x² चे पद नाही, म्हणून:

2x⁴ − 3x³ + 0x² + 4x − 7

हे शून्य मनात धरून चालत नाही, कागदावर लिहावेच लागते. ते लिहिले नाही तर भागाकार करताना −4x² हे पद 4x च्या खाली जाऊन बसते आणि पुढचे सगळे बिघडते. भागाकारातल्या चुका शोधायला बसलो की बऱ्याच चुका याच एका जागी सापडतात.

शेवटी छेद विस्तारून लिहा, पण त्याचे अवयव असलेले रूपही शेजारी ठेवा. भागायला विस्तारित रूप लागते, तर आंशिक अपूर्णांकांना अवयवांचे.

(x − 2)(x + 1) = x² − x − 2

छेद आधीच विस्तारित दिला असेल, तर अवयव पाडण्याचे काम भागाकारानंतर केले तरी चालते. भागाकार करून बाकी शून्य आली, तर अवयवांची गरजही उरत नाही. तेव्हा उत्तर निव्वळ बहुपदी असते.

## पायरी २: कोटी तपासा

अंशाची कोटी 4, छेदाची कोटी 2. अंशाची कोटी लहान नाही, म्हणून भागाकार हवा.

सावधान: कोटी समान असली तरीही भागायचेच. (x² + 1)/(x² − 1) यासारखी राशी पाहून अनेकांना वाटते की अंश काही मोठा नाही, तेव्हा थेट पुढे जाऊ. "मोठी आहे का?" असे विचारण्याऐवजी "लहान आहे का?" असा प्रश्न विचारण्याची सवय लावा. अंशाची कोटी छेदाच्या कोटीपेक्षा लहान आहे, असे ठामपणे म्हणता आले तरच भागाकार सोडायचा.

कोटी ठरवतानाही डोळा फसू शकतो. छेद (x − 1)(x² + 1) असा असेल तर त्याची कोटी 3 असते, पण सगळ्यांत मोठा घात 2 दिसत असल्यामुळे काहीजण 2 धरतात. गुणाकाराच्या रूपात अवयवांच्या कोट्यांची बेरीज करायची. उलट, (x + 1)³ − (x − 1)³ या अंशाची कोटी 3 वाटते, पण x³ ची पदे कटतात आणि उरते 6x² + 2. वजाबाकी किंवा बेरीज असेल तर आधी सरळ रूप द्या, मगच कोटी मोजा.

## पायरी ३: भागाकार करा

दर वेळी तीच कृती करायची आहे. उरलेल्या राशीच्या पहिल्या पदाला भाजकाच्या पहिल्या पदाने भागा, येणारे पद भागाकारात लिहा, त्या पदाने पूर्ण भाजकाला गुणा आणि वजा करा.

```
                 2x² −  x  + 3
x² − x − 2 ) 2x⁴ − 3x³ + 0x² + 4x − 7
             2x⁴ − 2x³ − 4x²
             --------------------------
                  − x³ + 4x² + 4x − 7
                  − x³ +  x² + 2x
                  ---------------------
                         3x² + 2x − 7
                         3x² − 3x − 6
                         --------------
                               5x − 1
```

पहिल्या वजाबाकीकडे नीट पाहा. 0x² मधून −4x² वजा केले की +4x² येते आणि −3x³ मधून −2x³ वजा केले की −x³ येते. इथे चिन्हे चुकतात, कारण घाईत आपण फक्त पहिल्या पदाचे चिन्ह बदलतो आणि बाकीची तशीच राहतात. गुणून आलेल्या ओळीतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलून त्यावर लहानसे गोल करा आणि मग बेरीज करा. शाळेत ही सवय लावतात ती यासाठीच, आणि बारावीतही ती सोडू नये.

कुठे थांबायचे: दुसऱ्या वजाबाकीनंतर 3x² + 2x − 7 उरले. बरेचजण इथेच थांबतात, कारण आता संख्या छोट्या दिसू लागतात. पण या राशीची कोटी 2 आहे आणि भाजकाचीही 2. कोटी अजून भाजकापेक्षा लहान झालेली नाही, म्हणून आणखी एकदा भागायचे. 5x − 1 ची कोटी 1 आहे, इथे थांबायचे.

याच्या उलट चूकही होते. बाकी ही नेहमी नुसती संख्याच असते, असा समज एकघाती भाजकाच्या सरावातून मनात बसतो. मग 5x − 1 ला पुन्हा x² ने भागून 5/x असे काहीतरी भागाकारात लिहिले जाते. द्विघाती भाजक असेल तर बाकीत x चे पद असू शकते आणि ते तसेच ठेवायचे असते.

भागाकार 2x² − x + 3, बाकी 5x − 1.

### इथेच थांबून तपासा

पुढे जाण्याआधी भागाकार बरोबर आहे की नाही ते पाहायला अर्धा मिनिट पुरतो. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे सूत्र तर आहेच, पण पूर्ण गुणाकार करण्याची गरज नाही. ज्या किमतीला भाजक शून्य होतो ती x ची किंमत भाज्यात टाका. भाजकाचे पद नाहीसे होते, म्हणून भाज्याची किंमत बाकीच्या किमतीइतकीच यायला हवी.

x = 2 घेतल्यास भाज्य: 32 − 24 + 8 − 7 = 9. बाकी: 5(2) − 1 = 9. जुळले.

x = −1 घेतल्यास भाज्य: 2 + 3 − 4 − 7 = −6. बाकी: −5 − 1 = −6. जुळले.

बाकी बरोबर आहे. ही तपासणी बाकीचीच आहे, भागाकाराची नव्हे, एवढे लक्षात ठेवा. भागाकार शेवटच्या पडताळ्यात तपासला जाईल.

## पायरी ४: राशी पुन्हा लिहा

मूळ राशी = 2x² − x + 3 + (5x − 1)/((x − 2)(x + 1))

ही एक ओळ पूर्ण लिहा. ती गाळून थेट आंशिक अपूर्णांकांकडे उडी मारली की दोन गोष्टी घडतात. कधी 5x − 1 च्या खाली छेद लिहायचा राहतो आणि बाकी बहुपदीत मिसळून जाते. कधी पुढच्या चार-पाच ओळी फक्त 5x − 1 वर काम चालते आणि शेवटच्या उत्तरात 2x² − x + 3 परत आणायचे राहून जाते. हा दुसरा प्रकार फारच जास्त दिसतो. पुढच्या प्रत्येक ओळीत बहुपदी लिहायचा कंटाळा येत असेल, तर तिला चौकट करून ठेवा.

## पायरी ५: बाकीचे आंशिक अपूर्णांक पाडा

आता अंशाची कोटी 1 आणि छेदाची 2, म्हणून नेहमीची मांडणी वापरता येते.

(5x − 1)/((x − 2)(x + 1)) = A/(x − 2) + B/(x + 1)

5x − 1 = A(x + 1) + B(x − 2)

x = 2 घेतले: 9 = 3A, म्हणून A = 3.

x = −1 घेतले: −6 = −3B, म्हणून B = 2.

तेव्हा मूळ राशी = 2x² − x + 3 + 3/(x − 2) + 2/(x + 1).

## पायरी ६: एक नव्हे, दोन किमती टाकून पडताळा

x ची अशी किंमत घ्या की छेद शून्य होणार नाही. 0 आणि 1 सोप्या आहेत.

x = 0: मूळ राशी −7/−2 = 3.5. उत्तर: 3 − 1.5 + 2 = 3.5.

x = 1: मूळ राशी −4/−2 = 2. उत्तर: 2 − 1 + 3 − 3 + 1 = 2.

दोन किमती घ्यायला का सांगतो, याचे कारण पुढच्या एका उदाहरणात दिसेल. एकाच किमतीवर चुकीचे उत्तरही योगायोगाने जुळू शकते.

## भागाकार न करताच A आणि B बरोबर का येतात

आता या सगळ्यातल्या खऱ्या सापळ्याकडे येऊ. समजा भागाकार केलाच नाही आणि सरळ असे लिहिले:

2x⁴ − 3x³ + 4x − 7 = A(x + 1) + B(x − 2)

x = 2 टाकले: 9 = 3A, A = 3. x = −1 टाकले: −6 = −3B, B = 2.

अगदी तेच A आणि B. कुठेही अडथळा आला नाही, विचित्र अपूर्णांक आला नाही, शंका यावी असे काहीच घडले नाही. विद्यार्थी 3/(x − 2) + 2/(x + 1) असे उत्तर लिहून मोकळा होतो. शेजारच्याच्या वहीतही A = 3, B = 2 दिसले की खात्रीच पटते.

असे का होते ते पायरी ३ च्या तपासणीतच दडले आहे. x = 2 आणि x = −1 या किमतींना भाज्य आणि बाकी यांच्या किमती सारख्याच असतात. म्हणून त्या किमती टाकल्यावर मूळ अंशाने काम केले काय आणि बाकीने केले काय, A आणि B तेच येणार. हरवते ती बहुपदी, कारण या दोन किमतींना तिचा अंशावर काही परिणामच होत नाही.

चूक पकडायची असेल तर x = 0 टाका. मूळ राशी 3.5 आहे आणि बहुपदी नसलेले उत्तर −1.5 + 2 = 0.5 देते. फरक 3 चा, म्हणजे हरवलेल्या बहुपदीची x = 0 ला जी किंमत तेवढाच.

सहगुणक जुळवण्याची पद्धत वापरणाऱ्याला मात्र ही चूक लगेच कळते. वरच्या समीकरणात डावीकडे x⁴ चा सहगुणक 2 आणि उजवीकडे 0. 2 = 0 असे दिसले की काहीतरी चुकले हे उघड होते. म्हणून किमती टाकून A, B काढणाऱ्यांनी निदान सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक तरी दोन्हीकडे जुळतो का ते पाहावे.

## अवयव पुन्हा आला असेल तर

छेदात एकच अवयव दोनदा आला की भागाकार न केल्याची चूक निराळ्या रूपात बाहेर येते. x³/(x − 1)² घ्या. भागाकार न करता मांडले तर:

x³ = A(x − 1) + B

x = 1 टाकले की B = 1. A साठी दुसरी कोणतीही किंमत घ्यायची असते. x = 0 घेतले तर A = 1 येते, x = 2 घेतले तर A = 7. दोघांनी वेगवेगळ्या किमती घेतल्या तर दोघांची उत्तरे वेगळी येतात आणि दोघेही आपापली आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसतात. आकडेमोडीत काहीच चूक नसते. किंमत बदलल्यावर A बदलत असेल, तर मांडणीच चुकीची आहे आणि भागाकार राहिला आहे, असे समजा.

बरोबर रीत: छेद x² − 2x + 1. भागाकार x + 2, बाकी 3x − 2. मग 3x − 2 = 3(x − 1) + 1, म्हणून

x³/(x − 1)² = x + 2 + 3/(x − 1) + 1/(x − 1)²

एकाच किमतीवर विसंबू नका असे वर म्हटले, ते इथे पाहा. समजा कुणी बाकीवरून 3 आणि 1 बरोबर काढले, पण शेवटी x + 2 लिहायचे विसरले आणि पडताळ्यासाठी x = −2 घेतले. मूळ राशी −8/9 आणि विसरलेले उत्तर 3/(−3) + 1/9 = −8/9. जुळले! कारण x = −2 ला x + 2 शून्यच होते. दुसरी किंमत x = 0 घेतली असती तर मूळ राशी 0 आणि हे उत्तर −3 + 1 = −2 आले असते.

छेदात फक्त (x − a) चाच घात असेल तर लांबलचक भागाकारापेक्षा एक छोटी वाट आहे. x − 1 = t घ्या, म्हणजे x = t + 1. अंश (t + 1)³ = t³ + 3t² + 3t + 1 होतो आणि t² ने भागले की t + 3 + 3/t + 1/t². भागाकार आणि आंशिक अपूर्णांक दोन्ही एकाच ओळीत मिळतात. t च्या जागी x − 1 ठेवले की t + 3 चे x + 2 होते. परीक्षेत वेळ कमी असेल तर मी हीच वाट सुचवेन.

## कोटी समान असेल तर

इथे भागाकार म्हणजे नुसती एक संख्या असते: अंशातल्या सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक भागिले छेदातला. दोन्हीकडे 1 असेल तर भागाकार 1. पण (6x² + 12x − 4)/((2x − 1)(x + 3)) मध्ये छेदाचे पहिले पद 2x² आहे, म्हणून भागाकार 3, ना 1 ना 6. छेदात 2x − 1 सारखा अवयव असेल तर ही जागा जपा. बाकी −3x + 5 येते आणि उत्तर 3 + 1/(2x − 1) − 2/(x + 3).

भागाकार असा नजरेने कळला की मघाच्या सापळ्याचा उपयोगही करून घेता येतो. A, B, C मूळ अंशावरूनच बरोबर येतात हे आपण पाहिले. मग अवयव साधे आणि वेगवेगळे असतील, तर बाकी काढण्याची गरजच काय? उदाहरणार्थ:

(x − 1)(x − 2)(x − 3) / ((x − 4)(x − 5)(x − 6))

दोन्ही बाजू विस्तारून भागत बसणे म्हणजे विनाकारण चुकांना आमंत्रण. भागाकार 1 हे दिसतेच आहे. सरळ मांडा:

1 + A/(x − 4) + B/(x − 5) + C/(x − 6)

x − 4 हा अवयव झाकून उरलेल्या राशीत x = 4 टाका: (3 · 2 · 1)/((−1)(−2)) = 3, म्हणून A = 3. तसेच x = 5 ला (4 · 3 · 2)/((1)(−1)) = −24, आणि x = 6 ला (5 · 4 · 3)/((2)(1)) = 30.

उत्तर: 1 + 3/(x − 4) − 24/(x − 5) + 30/(x − 6). x = 0 टाकून पाहा: मूळ राशी −6/−120 = 0.05 आणि उत्तर 1 − 0.75 + 4.8 − 5 = 0.05.

ही सवलत दोन अटींवर आहे. प्रत्येक अवयव एकघाती आणि वेगळा असला पाहिजे आणि भागाकार खात्रीने माहीत असला पाहिजे. x² + 1 सारखा न सुटणारा द्विघाती अवयव असेल तर बाकी काढूनच पुढे जा. x⁴/((x − 1)(x² + 1)) मध्ये A/(x − 1) + (Bx + C)/(x² + 1) अशी मांडणी मूळ अंशावर केली, तर x = 1 वरून A = 1/2 बरोबर येतो, पण x = 0 वरून C = 1/2 असा चुकीचा येतो. रीतसर भागाकार केला की भागाकार x + 1 आणि बाकी फक्त 1 उरते. तिच्यावरून C = −1/2 मिळतो.

## संश्लेषक भागाकार वापरताना

नववीत शिकलेली संश्लेषक भागाकाराची रीत एकघाती भाजकासाठी आहे. छेद (x − 2)(x + 1) असा असेल तर ती दोनदा वापरता येते आणि लांब भागाकारापेक्षा ती सुटसुटीतही आहे, पण शेवटची बाकी कशी जुळवायची इथे गोंधळ होतो.

```
 2 |  2   −3    0    4   −7
   |       4    2    4   16
   --------------------------
      2    1    2    8  |  9

−1 |  2    1    2    8
   |      −2    1   −3
   ---------------------
      2   −1    3  |  5
```

आधी x − 2 ने भागले, बाकी 9. आलेल्या भागाकाराला x + 1 ने भागले, बाकी 5. शेवटचा भागाकार 2x² − x + 3, मघाचाच. आता एकूण बाकी किती? काहीजण 5 लिहितात, काहीजण 9 + 5 = 14. दोन्ही चूक. दुसरी बाकी 5 ही पहिल्या भागाकाराच्या आत आहे आणि तो भागाकार x − 2 ने गुणलेला आहे. म्हणून:

एकूण बाकी = 9 + 5(x − 2) = 5x − 1

म्हणजे पहिली बाकी अधिक दुसरी बाकी गुणिले पहिला भाजक. लांब भागाकाराने आलेल्या बाकीशी हे जुळते, त्यामुळे एक रीत दुसरीचा पडताळा म्हणूनही वापरता येते. इथेही पहिल्या ओळीत x² च्या जागेचे 0 लिहिलेच पाहिजे. ते गाळले तर चार घाताची राशी तीन घाताची होते.

## इंटिग्रेशनमध्ये

आपल्या मूळ राशीचे इंटिग्रेशन आता पदापदाने होते:

∫ (2x² − x + 3 + 3/(x − 2) + 2/(x + 1)) dx = (2/3)x³ − x²/2 + 3x + 3 log|x − 2| + 2 log|x + 1| + c

भागाकार राहिला असता तर उत्तरात फक्त दोन लॉग आले असते. म्हणून अंशाची कोटी मोठी असलेल्या गणिताच्या उत्तरात x चे एकही पद नसेल, तर डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहण्याआधीच पायरी २ कडे परत जा. कोटीतला फरकही उपयोगी पडतो: अंशाची कोटी छेदापेक्षा 2 ने जास्त असेल तर भागाकाराची कोटी 2 असते आणि इंटिग्रेशननंतर सर्वांत मोठा घात x³ यायला हवा. कोटी समान असेल तर x चे एकघाती पद यायला हवे. वरच्या उत्तरात x³ आहे आणि त्याचा सहगुणक 2/3 आहे, म्हणजे मूळ अंशातला 2 भागिले छेदातला 1, भागिले 3.